घरघंटी कवा फिरनार?

ते साल दोन हजार तेवीस. जिल्ह्याचं नाव सरकारदरबारी नुकतंच बदललेलं होतं. दुकानांच्या पाट्यांवर निम्म्या ठिकाणी उस्मानाबाद आणि निम्म्या ठिकाणी धाराशिव. उमरग्यात गणपती बसले आणि त्याच आठवड्यात आरिफचा व्हिडिओ गावभर झाला.

व्हिडिओ एवढासाच, कुणा गिऱ्हाइकानं मोबाइलवर टिपलेला. घरगुती वस्तूंच्या दुकानाचा काउंटर. समोर हिरव्या लुगड्यातली म्हातारी आणि काउंटरमागे आरिफ. म्हातारी काही तरी विचारते आणि आरिफ दोन्ही हात वर करून ओरडतो, "अव्वा, घरघंटी म्या गिळली का? जावा, बोर्डावरच्या नंबरला फोन लावा!"

बस, एवढंच. पण ते वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. आरिफ चहाला गेला की टपरीवरून कुणीतरी हाळी द्यायचं, "काय आरिफभाई, घरघंटी गिळली का?" मशिदीतून बाहेर पडताना पोरं पाठीमागून कुजबुजायची. त्याची आई रुकसाना बाजारात गेली, तर भाजीवालीनं हसत हसत तिलाच विचारलं. त्या दिवसापासून तिनं बाजार बंद केला.

दुकान गौरीशंकर अण्णांचं. उमरगा, नळदुर्ग, कळंब अशी त्यांची दुकानं. फ्रीज, कूलर, मिक्सर, घरच्या घरी पीठ दळायची घरघंटी, सगळं मिळायचं. अण्णांचे वडील शंभुलिंगप्पा ह्यांचं उमरग्यात रेडिओ दुरुस्तीचं खोपट होतं. जुन्या लोकांना ते चांगलं आठवतं. सायकलच्या कॅरिअरला रेडिओ बांधून शंभुलिंगप्पा गावोगाव फिरायचे. त्यांचा मोठा फोटो आजही दुकानात काउंटरच्या वर आहे, हार घातलेला. त्याच फोटोखाली आरिफ ओरडला होता आणि तो फोटोही व्हिडिओत आला होता. अण्णांना तेच जास्त लागलं.

त्यांनी प्रतीक्षाला बोलावलं.

प्रतीक्षा मूळची उमरग्याची. पुण्याच्या एका कंपनीत बरीच वर्षं ती प्रशिक्षणाचे व्हिडिओ लिहीत होती. आईचं दुखणं निघालं तशी परत आली आणि माडीवरच्या खोलीत लॅपटॉप मांडून तेच काम करू लागली. तिच्या व्हिडिओंची तऱ्हा वेगळी. तो नुसता बघायचा नसतो. गिऱ्हाईक येतं, बोलतं आणि चित्र थांबतं. पडद्यावर तीन उत्तरांची तीन बटणं येतात. शिकणाऱ्यानं एक दाबायचं. जे दाबेल त्याचा परिणाम पुढं दिसतो. गिऱ्हाईक शांत होतं, नाहीतर उखडतं, नाहीतर निघून जातं. चुकलं तर मागं जाऊन दुसरी वाट धरायची.

"दिवाळीच्या गर्दीआधी पायजे," अण्णा म्हणाले. "आरिफलाच उभं करा. त्यो काय बोलला ते एक बटन. काय बोलायला पायजे होतं ते दुसरं. नीट बोललं असतं तर बाई हसत गेली असती, हे सगळ्यांना दिसू द्या. मग मी त्याला काढला तर कुणी म्हनायला नको की अण्णानं अन्याय केला."

काउंटर पुसत असलेला आरिफ तिथंच होता. त्यानं वर पाहिलं नाही. पुसलेलीच काच पुन्हा पुसत राहिला.

प्रतीक्षा घरी आली ती डोक्यात भुंगा घेऊनच. आजवर तिनं असे पुष्कळ व्हिडिओ लिहिले होते, पण चुकीच्या बटणामागं खरा माणूस कधी नव्हता. असायचा तो नाटकातला कुणीतरी. आता तिच्या लिहिण्यावर एकाची भाकरी अडकली होती. तिला स्वस्थ बसवेना. लिहायची, उठायची, गॅलरीत जायची. समोरच्या हायवेवरून हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न ऐकायची आणि परत बसायची. रंगीत चिठ्ठ्या भिंतीला डकवून तिनं वाटा आखल्या. तीन वळणांवर तीन-तीन वाटा मोकळ्या सोडल्या तर सत्तावीस शेवट होतात, तेवढं शूटिंग कोण करणार? म्हणून वाटा थोड्या फाकवायच्या आणि पुन्हा एका जागी आणून मिळवायच्या, ही त्या धंद्यातली युक्ती. आई खालून ओरडायची, "आगं, जेवतीस का भिंतीशीच बोलत बसतीस?"

पहिला खर्डा झाल्यावर तिनं तो कागदी रूपातच नळदुर्गच्या दुकानातल्या मल्हारला खेळायला दिला. मल्हारनं भराभर उत्तरं दिली आणि सगळी बरोबर आली.

"वाचलंस तरी का?" प्रतीक्षानं विचारलं.

"कशाला वाचायचं ताई? सगळ्यात लांबलचक असतंय तेच बरोबर असतंय. 'आपली अडचण मी समजू शकतो, कृपया' बिपया. आखूड उत्तरं शिव्याचीच असत्यात."

प्रतीक्षाच्या कानशिलावर कुणीतरी मारल्यासारखं झालं. खरंच होतं ते. बरोबर उत्तर तिनं प्रेमानं, सजवून लिहिलं होतं. चुकीची दोन उगीच लिहायची म्हणून लिहिली होती, कुणीही ओळखावीत अशी. अशा व्हिडिओनं कुणी शिकत नाही, फक्त आरिफ तेवढा मूर्ख दिसतो. आणि ह्याच्याही पुढची गोष्ट तिच्या तेव्हाच ध्यानात आली. म्हातारी नक्की काय विचारत होती, हे तिला ठाऊकच नव्हतं. गावानं पाहिलं तेवढंच तिनंही पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आरिफला घेऊन म्हातारीच्या गावाला गेली. गाव कर्नाटकच्या शिवेला लागून, निम्मं कानडी बोलणारं. म्हातारीचं नाव इरम्मा. ज्वारीच्या कडक भाकरी करून ती नळदुर्गच्या ढाब्यांना द्यायची. त्यासाठीच घरघंटी घेतलेली. मोटर जळाली आणि धंदा बसला.

आरिफला बघून इरम्मानं तोंडाला पदर लावला. लाजून नव्हे, हसू आवरायला.

"आला का गं गिळनारा? बस रे तम्मा. आमच्यात पानी तर गिळतोस का?"

आरिफ ओशाळून उंबऱ्याशीच बसला. "अव्वा, माफ करा. त्या दिवशी सकाळपासनं धा जनांनी डोकं खाल्लं हुतं."

"आन अकरावी म्या." इरम्मा एकदम गंभीर झाली. "तीनदा आले मी. पैल्यांदा तू फोननंबर दिलास. लावला. आतून बाई हिंदीत बोलायली, हे दाबा, ते दाबा. कसला तो नंबर मागती, मशीनचा. म्या काय दाबायचं? कटला. दुसऱ्यांदा आले, तू म्हनलास, कंपनीचा मानूस सोलापूरहून येतो. आला न्हाय. तिसऱ्यांदा आले तवा गिळलास."

प्रतीक्षानं आरिफकडं पाहिलं. "तू का नाही लावलास फोन, ह्यांच्यासाठी?"

"लावायची परवानगी न्हाय, ताई. आपन लावला की जबाबदारी दुकानाची हुती, असं अण्णा म्हनत्यात. मशीन खोलायची न्हाय, वॉरंटी जाती. डेमोची घरघंटी द्यायची न्हाय. कळंबला एकदा डेमोचा कूलर कुनाच्या तरी लग्नाला दिला, त्यो परत आला त्याची जाळी मोडून. तवापासनं नियम."

"मग तू करू काय शकतोस?"

आरिफनं विचार केला. "बोलू शकतो," तो म्हणाला.

परतताना प्रतीक्षा मोटरसायकलवर मागं बसली होती. तिच्या मनात भिंतीवरच्या चिठ्ठ्या एकेक करून गळून पडत होत्या. तरी तिनं मनाला समजावलं. चांगलं बोलण्यानंही फरक पडतो. माणसाला माणूस म्हणून वागवलं की निम्मा राग जातो. तेवढं तर दाखवता येईल. इरम्माला तिनं विचारलं होतं, व्हिडिओत स्वतःचं काम स्वतः कराल का? तेव्हा इरम्मानं एकच अट घातली होती, लुगडं नवं नेसणार.

शूटिंग दुकानातच ठरलं, आठवड्याच्या बंदीच्या वारी. कॅमेरा प्रेमचा. प्रेम लग्नाची शूटिंगं करणारा. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायची सवय नसलेला.

"ताई, नवरीला बी एकदाच रडावं लागतंय," तो कुरकुरला. "ही अव्वा दारातून कितींदा आत येनार?"

"येणं एकदाच. पण थांबणं नीट घे. बटणं येतात तेव्हा चित्र अगदी मेल्यासारखं नको. त्यांनी उभं राहायचं, बघायचं, श्वास घ्यायचा. आणि पिशवी उजव्या हातात. कुठल्याही वाटेनं गेलं तरी पुढच्या तुकड्यात पिशवी उजव्याच हातात पाहिजे, नाहीतर जोड उघडा पडेल."

इरम्मा उभी राहिली. पिशवी उजव्या हातात. थोड्या वेळानं ती डाव्या हातात गेली. मग तिनं पदर सारखा केला. मग कॅमेऱ्याकडं बघून विचारलं, "काठ दिसायलाय का रे लुगड्याचा?"

"दिसायलाय अव्वा, हलू नका!"

"हलू नको काय, मी देवळातली मूर्ती हाय का?"

असं करत करत चुकीच्या दोन वाटा झाल्या. आरिफनं आपलं ते कुप्रसिद्ध वाक्यही म्हटलं. प्रतीक्षा ते वगळायला तयार होती, पण तोच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ताई. बोललोच की म्या." म्हणताना मात्र त्याचा आवाज चिरकला आणि प्रेमला ते पुन्हा घ्यावं लागलं.

मग चांगली वाट आली. आरिफनं पाठ केलेलं सुरेख बोलणं म्हटलं. अव्वा, तुम्ही तीनदा आलात, तुमचा त्रास आमच्या लक्षात आला, आम्हाला क्षमा करा, तुमची तक्रार मी वर कळवतो. इरम्मानं ह्यावर हसून, "बरं बाळा, देव भलं करो," म्हणायचं आणि जायचं. तसं ठरलं होतं.

इरम्मा हसली नाही. पिशवी उजव्या हातात धरून ती त्याच्याकडं बघत राहिली.

"गोड बोललास तम्मा. पन घरघंटी कवा फिरनार?"

"अव्वा, ते वाक्य न्हाय," प्रेम पुटपुटला.

"गप रे! तीनदा आले तरी कुनी सांगंना, आता तरी सांगतोस का?" मग तिची नजर वर गेली, फोटोकडं. "ह्यो शंभुलिंगप्पा असता तर म्हनला असता, घे इरम्मा, तुझा रेडिओ नीट होईस्तोवर माझा घेऊन जा. माझ्या सासऱ्याला दिलता त्यानं. आमच्या घरी त्याचा रेडिओ वाजायचा."

आरिफजवळ पुढचं वाक्य नव्हतं. प्रतीक्षाच्या कागदावरही नव्हतं. प्रेमनं तिच्याकडं पाहिलं, बंद करू का? तिनं मान हलवली. कॅमेरा चालूच राहिला. इरम्मानं वाट बघितली, मग वळली आणि पायऱ्या उतरून गेली.

त्या रात्रीपासून प्रतीक्षाची झोप उडाली. हसणारा शेवट तिला सहज करता आला असता. इरम्माला पुन्हा बोलावून, हातापाया पडून, एक हसू घेता आलं असतं. अण्णांना तेच हवं होतं. पण तो शेवट केला की आरिफ गेला. नीट बोलला असता तर बाई हसत गेली असती, हे पडद्यावर सिद्ध झालं असतं, आणि ते खोटं होतं. बरं, खरं दाखवावं तर काम हातचं जाणार. आणि आरिफ वाचेल ह्याची खात्री कुठं होती? अण्णा उखडले तर त्याच दिवशी त्याला बाहेर काढतील. ती आरिफला फोन लावायची आणि तो उचलायच्या आधीच ठेवून द्यायची. शेवटी तिनं त्याला सगळं सांगितलं.

"तुम्हाला काय वाटतं ते करा ताई," तो म्हणाला. "तसं बी म्या जानार, असं बी जानार. खोट्यापायी जान्यापेक्षा..."

दसऱ्यानंतर नळदुर्गच्या दुकानाच्या माडीवर सगळ्या दुकानांचे मॅनेजर जमले. भिंतीवर मोठा टीव्ही. आरिफ सगळ्यांच्या मागं, जिन्याच्या तोंडाशी उभा. प्रतीक्षानं माऊस अण्णांच्या हातात दिला.

"अण्णा, तुम्हीच खेळा. तुम्ही आरिफच्या जागी."

अण्णा खुशीत होते. बाही सरसावून बसले. पडद्यावर इरम्मा आली, थांबली, श्वास घेत उभी राहिली. तीन बटणं आली. पहिलं आरिफचं. दुसरं, "कंपनीचा माणूस येईल, थांबा." तिसरं लांबलचक, गोड. मागच्या रांगेतून मल्हार खुसखुसला, "लांबचं दाबा अण्णा."

अण्णांनी लांबचं दाबलं. आरिफ पडद्यावर गोड बोलला. आणि इरम्मानं विचारलं, पन घरघंटी कवा फिरनार?

पुन्हा तीन बटणं. "फोननंबर पुन्हा देतो." "तक्रार वर कळवली आहे." "दोन दिवसांनी या." अण्णांनी दुसरं दाबलं. इरम्मानं फोटोकडं बघून रेडिओचं बोलून घेतलं, वळली, पायऱ्या उतरून गेली. पुढच्या चित्रात ढाब्याचा मालक दुसऱ्या बाईकडून भाकरी घेत होता. खाली अक्षरं आली: गिऱ्हाईक परत आलं नाही.

अण्णांनी 'मागं जा' दाबलं. पहिलं बटण, तिसरं बटण. पुन्हा मागं. कुठूनही गेलं तरी पायऱ्या आणि ढाबा. माऊसचा टकटक आवाज वाढत गेला.

"हे मोडलंय," ते म्हणाले. "बरोबर बटन कुठाय?"

"ह्या वळणावर नाही, अण्णा."

"न्हाय कसं? चौथं टाक की! बाईचं काम हुईल असं!"

प्रतीक्षानं पडद्याकडं बोट केलं. "काय टाकू? फोन आपण लावायचा? त्याची परवानगी नाही. डेमोची घरघंटी द्यायची? तीही नाही. चौथं बटण दुकानात नाही, म्हणून व्हिडिओत नाही. आरिफजवळ होती ती हीच तीन. त्यानं त्यातलं सगळ्यात वाईट दाबलं, हे खरं. पण तुम्ही चांगलं दाबलंत तरी बाई गेलीच."

मल्हारच्या तोंडून हसू फुटलं आणि ते त्यानं खोकल्यात लपवलं. अण्णा उठले. खुर्ची मागं पडली. ते सरळ गॅलरीत गेले. हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांकडं बघत पाठमोरे उभे राहिले. आरिफ एक पायरी खाली उतरला, जणू आताच निघून जावं.

अण्णा आत आले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता.

"रेडिओ खरंच द्यायचे अप्पा," ते कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. "आमच्या घरी आठ-आठ दिस रेडिओ नसायचा. मी रडायचो. आई म्हनायची, गिऱ्हाइकाच्या घरी वाजायलाय, वाजू दे." मग मॅनेजरांकडं वळून नेहमीच्या आवाजात: "डेमोची द्यायची न्हाय म्हंजे न्हाय. ती नवीच दिसली पायजे. पन बदलीत आलेल्या जुन्या पडल्यात ना गोदामात? दुरुस्त करा. प्रत्येक दुकानात एक फिरती घरघंटी, गिऱ्हाइकाची नीट होईस्तोवर द्यायला. कळंबवाल्यांनो, लग्नाला द्यायची न्हाय! आन फोन काउंटरवरनं लावायचा, गिऱ्हाइकासमोर."

"आणि आरिफ?" प्रतीक्षानं विचारलं.

अण्णांनी जिन्याकडं पाहिलं. "ह्याला काढला तर फिरती घरघंटी उचलून कोन नेनार? ए, खरंच गिळली न्हाईस न्हवं? मग उद्या इरम्माच्या दारात ठेवून ये."

दिवाळीच्या आत प्रतीक्षानं चौथं बटण लिहिलं. "थांबा अव्वा, फोन मी लावतो." सगळ्यात आखूड. इरम्मा पुन्हा आली, तेच लुगडं नेसून, पिशवी उजव्या हातात घेऊन, आणि ह्या वेळी हसली. प्रेमला ते एकदाच घ्यावं लागलं.

पुढं ज्याचं त्याचं जे व्हायचं ते झालं. अण्णांनी प्रतीक्षाला पुन्हा काम दिलं नाही. पुढचा व्हिडिओ त्यांनी लातूरच्या माणसाकडून करून घेतला. त्यात सगळे हसत होते. पण फिरत्या घरघंट्या सुरूच राहिल्या आणि दुकानात नवा माणूस लागला की त्याला आधी जुनाच व्हिडिओ खेळायला लावतात. प्रतीक्षा माडीवरच्या खोलीतच आहे. आई गेली. आता खालून जेवायला हाक मारणारं कुणी नाही, भिंतीशी बोलणं मात्र चालू आहे. चुकीची उत्तरं ती आता बरोबर उत्तरांइतकीच जीव लावून लिहिते. प्रेम हैदराबादला गेला आणि पुन्हा लग्नांकडंच वळला. मल्हार कळंबच्या दुकानात मॅनेजर झाला. लग्नाला कूलर मागायला येणाऱ्यांना तोच परत पाठवतो.

आरिफ काउंटर सोडून सर्व्हिसच्या टेम्पोवर गेला. रुकसाना पुन्हा बाजाराला जाऊ लागली. टपरीवरची हाळी अजून गेलेली नाही, तिला तो आता टेम्पोच्या हॉर्ननं जबाब देतो. इरम्मानं दुरुस्त होऊन आलेली आपली घरघंटी सुनेच्या हाती दिलीय. ढाब्यांपैकी एक परत आला, दुसरा आला नाही. दर दिवाळीला फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी उमरग्याच्या दुकानात येतात. आणणाऱ्याला इरम्मा सांगून ठेवते, "त्या गिळनाऱ्याला द्या म्हनावं. आन म्हनावं, ह्या गिळ."